एचबीएवनसी ६.१ आले, आणि तरीही साखर वाढलेलीच होती

माझ्या मामांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून त्यांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे. मध्यंतरी त्यांचे एचबीएवनसी ६.१ टक्के आले. मूत्रपिंड निकामी झाल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त काळ टिकते आणि त्याची गरज खरोखरच कमी होते, त्यामुळे हा आकडा कोणालाही खटकला नाही आणि इन्सुलिनचा डोस कमी करण्यात आला. मला मात्र तो पटेना, कारण घरच्या ग्लुकोमीटरवर मामी रोज चार वेळा साखर तपासून वहीत लिहीत होत्या आणि त्या वहीतली सरासरी २०५ च्या आसपास होती. ६.१ टक्क्यांचा अर्थ सरासरी साखर सुमारे १२८ असा होतो. एवढी तफावत यंत्राच्या किरकोळ चुकीने पडत नाही.

एचबीएवनसी म्हणजे थेट साखर नव्हे, हे आपण सोयीने विसरतो. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते आणि पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्या आकड्यावरून आपण मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधतो. पेशीच अल्पायुषी असेल, तर तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णात नेमके हेच घडते. लाल पेशी लवकर नष्ट होतात, आणि रक्त वाढावे म्हणून दिलेल्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांमुळे कोवळ्या पेशींची भर पडत राहते. साखर तीच असली तरी टक्केवारी खाली येते.

शिवाय तपासणीच्या पाच आठवडे आधी मामांना दोन पिशव्या रक्त चढवले होते, ज्याचा रिपोर्टवर कुठेही उल्लेख नव्हता. मी कागदावर ढोबळ हिशोब करून पाहिला. त्यांचे स्वतःचे हिमोग्लोबिन ७ होते. त्याचे एचबीएवनसी ८.६ धरले, दोन पिशव्यांनी हिमोग्लोबिन २ ने वाढले असे मानले आणि दात्याचे एचबीएवनसी ५.३ घेतले, तर मिश्रणाचे उत्तर ७.९ येते. म्हणजे परक्या रक्ताने आकडा खाली ओढला खरा, पण ६.१ पर्यंतची उरलेली घसरण एकट्या रक्तामुळे झालेली नसणार. त्यात कोवळ्या पेशींचाही मोठा हात असणार. म्हणूनच ‘तीन महिने थांबा, मग पुन्हा एचबीएवनसी करा’ हा सल्ला, जो एरवी रक्त चढवलेल्या माणसाला लागू पडतो, मामांच्या बाबतीत पुरेसा नव्हता.

तेव्हा आम्ही डॉक्टरांना वही दाखवली आणि त्यांनी लगेच फ्रुक्टोसामाइन करायला सांगितले. (नावात फ्रुक्टोज दिसत असले तरी फळांतल्या साखरेशी या तपासणीचा काही संबंध नाही.) रक्तद्रवातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. लाल पेशींचे वय किंवा दात्याच्या पेशी तिच्या हिशोबात येत नाहीत. अल्ब्युमिन लवकर बदलत असल्यामुळे ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचेच चित्र दाखवते. सर्वसाधारण मर्यादा साधारण २०० ते २८५ मायक्रोमोल प्रति लिटर असते, प्रयोगशाळेप्रमाणे थोडी बदलते. मामांचा आकडा ४१० आला. प्रचलित सूत्राने तो एचबीएवनसीच्या भाषेत सुमारे ८.६ होतो, हे रूपांतर ढोबळच मानावे, पण ते वहीच्या बाजूने उभे राहिले.

तरीही फ्रुक्टोसामाइन हे एचबीएवनसीचे निर्दोष भावंड आहे असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी त्याच नमुन्यातून अल्ब्युमिनही तपासायला लावले, आणि माझ्या मते त्याशिवाय हा रिपोर्ट वाचूच नये. मामांचे अल्ब्युमिन ३.६ होते, म्हणून ४१० वर विश्वास ठेवता आला. ते ३ च्या खाली असते, तर साखर चिकटायला प्रथिनच कमी आणि आकडा फसवा कमी, अशी गत झाली असती. लघवीवाटे भरपूर प्रथिने जाणाऱ्या, पोटातून डायलिसिस करणाऱ्या किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णांत ही शक्यता खरी असते. मूत्रपिंडाच्या ज्या आजारात एचबीएवनसी फसते, त्याच आजारात फ्रुक्टोसामाइनही कधी कधी फसते, ही यातली खरी अडचण आहे. अशा वेळी ग्लुकोमीटरची वही किंवा त्वचेवर लावायचा साखरमापक सेन्सर यांचाच आधार उरतो.

माझी तक्रार एवढीच आहे की नमुना घेताना ‘गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का, रक्तवाढीचे इंजेक्शन चालू आहे का’ हे दोन प्रश्न आम्हाला कोणी विचारले नाहीत.

इन्सुलिन पुन्हा वाढवल्यावर तीन आठवड्यांनी फ्रुक्टोसामाइन ३५२ आले, अल्ब्युमिन ३.५ होते आणि वहीतली सरासरी १७० च्या खाली आली होती. आता मामांच्या फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहून ठेवले आहे : ‘एचबीएवनसीवरून डोस बदलू नये.’