पी-व्हॅल्यू ०.०८ असूनही ‘बी’ थंबनेल का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

यूट्यूब थंबनेलांच्या ए/बी चाचणीवरच्या माझ्या लेखावरची प्रतिक्रिया: “तुमच्या उदाहरणात ए थंबनेलला १,२०० इम्प्रेशनवर ४८ क्लिक, बीला १,२०० वर ६६. पी-व्हॅल्यू ०.०८, म्हणजे काहीच सिद्ध नाही. तरी तुम्ही ‘बी सरस असण्याची शक्यता ९६%’ म्हणून बी ठेवायला सांगता. हे नापासाला ग्रेस मार्क देऊन वर ढकलणं झालं. आणि प्रायर तर खिशातूनच काढायचा!”

नमस्कार. ग्रेस मार्कांचा तुमचा टोमणा त्या ९६ टक्क्यांना बरोबर लागू पडतो. तो आकडा मी काढला तेव्हा प्रायर, म्हणजे चाचणीआधीचा अंदाज, सपाट धरला होता. म्हणजे सीटीआर, इम्प्रेशनमागे क्लिकांचं प्रमाण, १% असो वा ८०%, सगळं सारखंच शक्य. अशा प्रायरने येणारी शक्यता ही तुमच्याच पी-व्हॅल्यूची उलटी बाजू असते: ०.०८ चं अर्ध ०.०४, आणि १०० मधून ४ गेले की ९६. माहिती तीच, फक्त ऐकायला गोड. तेव्हा लेखातला ९६ चा आकडा मागे घेतो.

पण प्रायर खिशातून काढायची गरज नाही, तो यूट्यूब स्टुडिओत पडलेला असतो. उदाहरणातलं चॅनेल सिंहगड-राजगडच्या ट्रेकचं आहे. त्याच्या मागच्या वीस व्हिडिओंचा सीटीआर सरासरी ४.५% आणि बहुतेक ३.२ ते ५.८ च्या मध्ये, असं धरू. एवढा पसारा म्हणजे साधारण १,००० इम्प्रेशन आणि ४५ क्लिक यांच्या वजनाची जुनी माहिती. ती दोन्ही बाजूंना मिळवायची:

```
import numpy as np
a = np.random.beta(45+48, 955+1152, 200000)
b = np.random.beta(45+66, 955+1134, 200000)
print((b > a).mean())
print(np.maximum(a - b, 0).mean())
```

पहिली ओळ छापते सुमारे ०.९०. ए आणि बीमधला अपेक्षित फरकही १.५ टक्के-बिंदूंवरून ०.८ वर येतो. म्हणजे खरा प्रायर ग्रेस मार्क देत नाही, उलट कापतो. खरं तर आणखी कापायला हवेत: एकाच व्हिडिओच्या दोन थंबनेलांत दोन वेगळ्या व्हिडिओंइतका फरक सहसा नसतो.

आता दुसरी ओळ, माझ्या मते हीच महत्त्वाची. ती छापते सुमारे ०.०००३. बी ठेवला, तर तो खरं तर वाईट निघण्याची शक्यता किती हे धरून या चुकीची सरासरी किंमत दहा हजार इम्प्रेशनमागे तीन क्लिक. त्याच दहा हजारांत, ही किंमत वजा करूनही, अपेक्षित फायदा ऐंशीच्या आसपास क्लिकांचा. पी-व्हॅल्यू हे सांगतच नाही. ती सांगते की दोन्ही थंबनेल सारखीच असती, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक आठ टक्के वेळा दिसला असता. प्रश्न चांगला आहे, पण आज रात्री कोणतं थंबनेल लावायचं हा तो प्रश्न नव्हे.

‘सिद्ध होईपर्यंत थांबा’ म्हणायचं तर किती? ४% आणि ५.५% मधला फरक ५% च्या पातळीवर दहापैकी आठ वेळा पकडायला प्रत्येक बाजूला सुमारे ३,१५० इम्प्रेशन लागतात. दिवसाला २४० मिळणाऱ्या चॅनेलला ते २६ दिवस झाले. फरक ४ विरुद्ध ४.४ इतकाच असेल, तर बाजूमागे ३९,००० च्या पुढे. तोवर पावसाळी ट्रेकचा व्हिडिओ बघायला पावसाळा तरी उरेल का?

आणि थांबताना कुणी रोज डोकावून ‘०.०५ खाली आलं की बंद’ करत असेल, तर दहा वेळा डोकावल्यावर चुकीचा विजेता मिळण्याची शक्यता ५ वरून १९ टक्क्यांवर जाते. सपाट प्रायर घेऊन ‘९५% झाले की बंद’ करणाऱ्याचीही यातून सुटका नाही.

दोन्ही पद्धती जिथे सारख्याच फसतात, ते मात्र तुम्ही विचारलं नाही. थंबनेल हाताने बदलत असाल, म्हणजे पहिले पाच दिवस ए आणि पुढचे पाच बी, तर एला सुरुवातीचे सबस्क्रायबर मिळतात आणि बीला अनोळखी गर्दी. मग तुलना थंबनेलांची राहत नाही. निदान रोज अदलाबदल करा, आणि पहिले दोन दिवस मोजू नका. शिवाय एकाच माणसाला तेच थंबनेल तीन-चारदा दिसतं, म्हणून १,२०० इम्प्रेशन म्हणजे १,२०० स्वतंत्र मतं नव्हेत. ०.०८ आणि ९०% हे दोन्ही आकडे वाजवीपेक्षा थोडे ठाम आहेत. यूट्यूबची स्वतःची चाचणी प्रेक्षक एकाच वेळी वाटते, पण विजेता क्लिकांवर नाही, वॉच टाइमच्या वाट्यावर ठरवते. त्यामुळे तिचा निकाल वरच्या कोडात घालता येत नाही.

तुमचा नियम मी एका ठिकाणी जसाच्या तसा घेईन. या एका निकालावरून चॅनेलची जुनी दीडशे थंबनेलं डिझायनरला पैसे देऊन बदलायची असतील, तर ९०% पुरेसे नाहीत. तिथे त्याच दोन शैलींची जोडी आणखी चार-पाच व्हिडिओंवर लावून बघा.