कोरमशिवाय सुखाने सभा कशी उरकावी

सचिवसाहेब, सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, हे आपल्याला जून महिन्यापासून ठाऊक असतं. तरी घाई करू नये. सभा 28 तारखेच्या रविवारी सकाळी 10 वाजता ठेवावी. त्या आठवड्यात पितृपक्ष किंवा नवरात्र बहुतेक सापडतंच, शिवाय रविवारी सकाळी माणूस आंघोळीलाही उशिरा उठतो.

आता नोटीस. उपविधी पूर्ण 14 दिवस मागतात. नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत, म्हणजे 28 च्या सभेची नोटीस 13 तारखेपर्यंत प्रत्येक सभासदाच्या हाती पडायला हवी. आपण ती 18 ला फलकावर लावावी आणि वर तारीख 12 घालावी. फलकाच्या काचेला कुलूप असावं, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन रजेवर. घरोघरी नोटीस देऊन वहीत सह्या घेण्याच्या भानगडीत पडू नये. उद्या कोणी उपनिबंधकांकडे तक्रार केली तर पहिल्यांदा ती वहीच मागतात, आणि नसलेली वही कोणी कशी तपासणार?

नोटिशीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तळाशी, बारीक अक्षरात छापावं: ‘गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होऊन त्याच ठिकाणी, त्याच विषयांवर घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ मागच्या वर्षीची नोटीस पुन्हा टाइप करताना हेच वाक्य गळलं, तर काय होईल ते पाहा. कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा कमी तो. सोसायटीत 48 सभासद असले तर दोन तृतीयांश म्हणजे 32, म्हणून 20 पुरतात. 24 असले तर 16. आपल्या 48 पैकी आले 7. साडेदहापर्यंत वाट पाहिली, सभा तहकूब. पण त्याच दिवशी पुन्हा भरण्याचा उल्लेख नोटिशीत नाही, तर पुढची तारीख किमान 7 आणि जास्तीत जास्त 30 दिवसांनी घ्यावी लागते. 28 मध्ये 7 मिळवले की 5 ऑक्टोबर. 30 सप्टेंबर उलटून गेली, आणि मुदतीत सभा न घेतल्याबद्दल पदाधिकाऱ्यांना 5 वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, ही तरतूद तेव्हा आठवते. तेव्हा ते वाक्य विसरू नका. बाकी नोटीस चुकली तरी चालेल.

विषयपत्रिकाही अशी लिहावी की वाचून कोणाला उठावंसं वाटू नये. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, अहवाल, लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, दोषदुरुस्ती अहवाल, अंदाजपत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक. हे आहेच. ताळेबंदाची प्रत मात्र जोडू नये. ‘कार्यालयात पाहावयास मिळेल’ लिहावं आणि कार्यालयाची वेळ सांगू नये. खरी गोष्ट, म्हणजे लिफ्ट बदलायचे 18 लाख, नाव घेऊन लिहायची नाही. ती शेवटच्या ओळीत ठेवावी: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. त्या ओळीत अख्खी लिफ्ट मावते. फक्त एवढंच लक्षात असू द्या, की सभासदाला काढून टाकणं, समिती सदस्याला हटवणं आणि उपविधी दुरुस्ती हे मात्र आयत्या वेळी घेता येत नाही. आणि तहकुबीनंतरच्या सभेत मूळ पत्रिकेतलेच विषय घ्यायचे असतात. म्हणजे आपली लिफ्ट तिथे आणायची तर सभेतल्या सातांनी तरी गप्प बसायला हवं.

मुखत्यारपत्र. इथे मात्र कायद्यावर निष्ठा ठेवा. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत प्रॉक्सी चालत नाही. मुखत्यारपत्र आणा की अधिकारपत्र, बाहेरचा माणूस बाहेरच. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने वडिलांचं पत्र घेऊन यावं आणि ताळेबंदातल्या ‘किरकोळ खर्चा’बद्दल विचारावं, हे होऊच द्यायचं नाही. पण पुढचं मात्र त्याला सांगू नका: भाग दाखल्यावर दुसरं नाव त्याचं असेल तर तो संयुक्त सभासद आहे, आणि पहिल्या नावाचे वडील हजर नसतील तर मत त्याचंच. सहयोगी सभासद करून घेतलेली सूनही सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने मत देऊ शकते. मत एका सदनिकेला एकच, हे खरं. पण ते कोणी द्यायचं हे भाग दाखला काढून पाहावं लागतं, म्हणून दाखल्यांची फाईल सभेला आणू नये.

साडेदहाला सुरू झालेली सभा पावणेअकराला संपवावी. समोसे अकरा वाजता सांगितले असले तरी अडचण नाही, हजेरीची वही त्यांच्यासोबतच फिरवता येते. सह्या नंतर मिळतात, आणि समोसे 48 लोकांना पुरतील इतकेच मागवावेत.