‘फोटोवरून सोनं ओळखता येत नाही?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

★★ “मुलीच्या शाळेतल्या विज्ञान मंडळात हे सराफ बोलायला आले होते. विषय होता फोटोवरून वस्तूचा खरेपणा कळतो का. मुलीने ऑनलाइन विक्रीला असलेल्या पाटलीचे फोटो दाखवले, तर म्हणाले सांगता येणार नाही. इतकी वर्षं लक्ष्मी रस्त्यावर दुकान आहे आणि एवढंही सांगता येऊ नये? सोनं प्रत्यक्ष तपासा म्हणे, म्हणजे दुकानात या!”

नमस्कार ताई,

तुमच्या लेकीचा प्रश्न त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. घंटा होत आली होती म्हणून मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो, ती माझी चूक. आज सविस्तर लिहितो.

फोटोत येतो तो पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश. सोन्याचा अर्धा मायक्रॉनचा थर असला तरी प्रकाश त्याच्या वरूनच परत फिरतो, खाली पितळ आहे की तांबं हे कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे एक ग्रॅमवाली, म्हणजे सोन्याचा नुसता मुलामा दिलेली पाटली आणि 22 कॅरेटची पाटली फोटोत सारखी दिसू शकते, कॅमेरा कितीही महागडा असो. माझ्या अनुभवाचा इथे उपयोग नाही, कारण तो अनुभव वजन, आवाज आणि कस यांचा आहे. फोटोत यातलं काहीच नसतं.

मात्र दागिना खोटा असल्याचं फोटो कधी कधी नक्की सांगतो. मुलामा आधी पेचापाशी आणि कडेला झिजतो आणि आतला लालसर धातू दिसू लागतो. तुमच्या लेकीने नेमकं पेचाजवळच्या लाल रेघेवर बोट ठेवलं होतं. तिची नजर चांगली आहे. पण पाटली लाल मखमलीवर ठेवलेली होती आणि चकचकीत सोन्यात मखमलीचा लाल रंग तसाच उमटतो. रेघ झिजेची की मखमलीची, हे त्या फोटोवरून ठरत नव्हतं. तोच पेच पांढऱ्या कागदावर, खिडकीतल्या उजेडात, दोन वेगळ्या कोनांतून टिपला की कळेल. प्रतिबिंब कोनाबरोबर सरकतं, झीज जागची हलत नाही.

दुसरी गोष्ट हॉलमार्कची. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क सक्तीचा असलेला दागिना दुकानदाराला सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतंत्र कोडशिवाय, विकता येत नाही. फोटोत तो कोड नीट वाचता आला तर BIS Care ॲपमध्ये Verify HUID इथे टाकून पाहता येतो. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तपासणी केंद्र दिसतं. तुमच्या फोटोत शेवटची तीन अक्षरं फुटली होती, 8 आहे की B हे कळत नव्हतं. अंदाजाने कोड टाकून मुलांसमोर निकाल सांगणं मला पटलं नाही. आणि नोंद तंतोतंत जुळली असती, तरी त्या कोडची एक पाटली अस्तित्वात आहे एवढंच कळलं असतं. कोड दुसऱ्या धातूवर कोरता येतो, फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचलता येतो.

आता प्रत्यक्ष तपासण्याबद्दल. मुलांसमोर मी एक ग्रॅमवाली पाटली घेतली होती. वजन 12.40 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि पाटली दोऱ्याने पाण्यात सोडली, तळाला टेकू न देता. काटा 1.46 दाखवू लागला, म्हणजे पाटलीने 1.46 घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. 12.40 ला 1.46 ने भागलं की साधारण 8.5 येतात, ही पितळेची घनता. तेवढ्याच वजनाची भरीव 22 कॅरेटची पाटली असती, तर काटा 0.70 च्या आसपास थांबला असता. पाटली पोकळ किंवा आत लाख भरलेली असेल, तर मात्र हा हिशोब फसतो, आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. म्हणून शेवटचा शब्द तपासणी केंद्राचा.

आणि ते आमच्याकडेच तपासा असं मी म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. बीआयएसची मान्यता असलेल्या कोणत्याही हॉलमार्किंग केंद्रात शुल्क भरून ग्राहकाला स्वतःचा दागिना तपासून घेता येतो.

सध्या विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा. एक पेचाचा, वर सांगितला तसा. दुसरा कोडचा, अगदी जवळून, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीमुळे पाटली खरंच त्यांच्या हातात आहे का, याचा अंदाज येईल, धातूबद्दल काही कळणार नाही. कोड मिळाला की पडताळणी लेकीलाच करू द्या. नोंदीत पाटलीऐवजी अंगठी निघाली, तर पुढचं काही तपासू नका आणि पैसेही पाठवू नका.