प्रतिक्रियेला उत्तर : फूड कॉस्ट ४६ टक्के आली, ती कशी?

"तुमच्या सूत्राने गेल्या आठवड्यात ४६ टक्के आलं, त्याआधी ३१. दर तेच, आचारी तोच, विक्री दोन्ही वेळेला लाखभरच. सुरुवातीचा माल १४,०००, खरेदी ४४,०००, शिल्लक १२,०००. असलं गणित काय कामाचं? – निपाणीचा एक खानावळवाला"

दादा, तुम्ही वहीचे फोटो पाठवलेत हे बरं केलंत. ते बघूनच लिहितोय. सूत्र साधं आहे : आठवड्याचा सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा शिल्लक, त्याला विक्रीने भागायचं, म्हणजे विक्रीतले किती टक्के मालावर गेले ते कळतं.

सोमवारी मटणाचे ६,००० लिहिलेत. ते मटण आदल्या रविवारीच आलं, शिजलं आणि संपलं. पैसे तेवढे सोमवारी दिलेत. खरेदी माल दारात येतो त्या तारखेला लिहायची, उधारी फेडल्याच्या तारखेला नाही. दुसरं, शिल्लक मालात तेलाचे दोन सीलबंद डबे धरलेले नाहीत, ते ४,००० चे. आता खरेदी ३८,००० आणि शिल्लक १६,००० धरा:

(१४,००० + ३८,००० − १६,०००) ÷ १,००,००० × १०० = ३६ टक्के

ते ६,००० आधीच्या आठवड्यात टाकलेत की तिथले ३१ चे ३७ होतात. म्हणजे दोन्ही आठवडे जवळपास सारखेच गेलेत.

पण ३६ म्हणजे चांगलं की वाईट, ते या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी महागातला एकच जिन्नस धरा, तुमच्याकडे मटण. सुरुवातीला २ किलो होतं, ३० आलं, ३ उरलं. म्हणजे २९ किलो गेलं. बिलांवर मटण ताटं १६०. ताटाला कच्चं १५० ग्रॅम हा तुमचाच हिशोब, त्याने २४ किलो लागायला हवं होतं. ५ किलोचा पत्ता नाही. ७०० च्या भावाने ३,५००, म्हणजे विक्रीच्या साडेतीन टक्के.

यात लगेच चोरीचा संशय घेऊ नका. माझ्या खानापूरच्या खानावळीत असाच फरक येत होता आणि मी उगाच पोरांवर डाफरत होतो. मग एक दिवस ५ किलोचं पातेलं वेगळं लावलं आणि वाढपाजवळ उभा राहून ताटं मोजली. ३३ निघायला हवी होती, २८ वरच तळ दिसला. आचाऱ्याने वाढायला नवा डाव आणला होता, तो जुन्यापेक्षा खोल. ताटामागे तीसेक ग्रॅम जास्त जात होतं. मोजणी कच्च्या वजनावरच करा. शिजल्यावर मटण आटतं, तेव्हा वाटीतलं वजन करून हिशोब जुळत नाही.

तुम्हीही असंच ५ किलोचं पातेलं वेगळं लावून ताटं मोजा. ३३ नीट निघाली, तर मग डाव सोडा आणि दारात काटा ठेवा. बिलावर ३० आणि काट्यावर २८ असं होतं. तेही बरोबर भरलं, तर कामगारांच्या जेवणात गेलेलं आणि बिल न फाडता वाढलेलं ताट शोधा. कामगारांच्या जेवणाची पाटी वेगळी ठेवलीत की ते लगेच दिसतं.

येत्या रविवारी रात्री शटर ओढल्यावर फ्रीजरसकट सगळा माल मोजा, खरेदीच्या भावाने लिहा आणि पातेल्याची ताटं किती निघाली ते इथेच कळवा.