चार सुरांचा संसार

"आता तू सोलो घे," असं म्हणणारा माणूस नेहमी स्वतः गिटारवर कॉर्ड वाजवत असतो. त्याचं काय जातं? ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी चार ठोक्यांचा एक बार, की पुन्हा पहिल्यापासून. हात बसला की त्याला मधूनमधून जांभईही देता येते. ऐन वेळी सुचायचं असतं ते आपल्याला.

माझ्या मित्राने त्यातल्या त्यात दया दाखवून मला चारच सूर नेमून दिले. चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर ए, तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर सी, सातव्यावर डी आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्यावर ई. हात सरकवायचा नाही, शोधाशोध करायची नाही. सोपं वाटतं ना? भरपूर सूर हाताशी असले की त्यांच्या गर्दीत माणूस लपून जातो. चारांत लपायला जागाच नसते.

मिनिटाला 80 ठोके धरले तर एक बार तीन सेकंदांचा आणि अख्खी फेरी बारा सेकंदांची. बोटांना मात्र एवढं कळतं की आवाज थांबता कामा नये. ती ए-सी-डी-ई अशी वर चढतात, ई-डी-सी-ए अशी उतरतात आणि लगेच पुन्हा चढायला लागतात. एकही सूर चुकलेला नसतो, तरी तो सोलो वाटत नाही, रियाज वाटतो.

"आधी तोंडाने म्हण," मित्र म्हणाला. माझा आवाज ऐकलेल्या माणसाने असं म्हणणं हे धाडसच. पण गाताना श्वास घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात गप्प बसावं लागतं. मला जे सुचलं ते असं: ए मायनरच्या बारमध्ये पहिला ठोका रिकामा, मग ए, सी, डी. एफ आला की सी वर उतरायचं आणि सूर हळूहळू विरू द्यायचा. पुढे सी कॉर्डवर हुबेहूब तेच, पहिला ठोका रिकामा, मग ए, सी, डी. फक्त जी आला की या वेळी डी वर थांबायचं.

संपलं. तीन सूर, बाकी शांतता. ती शांतता सोसणं हेच खरं कठीण काम. सूर विरत जातो, मित्र बघत असतो, दोन सेकंदांचा शेवट कुठे दिसत नाही आणि बोटं काहीतरी वाजवण्यासाठी शिवशिवत असतात. पण पहिला तुकडा प्रश्नासारखा आणि दुसरा उत्तरासारखा ऐकू येतो तो त्या रिकाम्या जागेमुळेच.

शेवट दोन्हीकडे वेगळा का, याचं कारण जी कॉर्डमध्ये आहे. सी हा सूर एफ कॉर्डमध्येही असतो आणि सी कॉर्डमध्येही, त्यामुळे तिथे तो घरच्यासारखा पाय पसरून बसतो. जी कॉर्डमध्ये असतात जी, बी आणि डी. तिथे सी लांबवला की तो शेजारच्या बी ला, अवघ्या अर्ध्या स्वराच्या अंतरावरून, खेटतो आणि आंबट लागतो. बी वर उतरावं तर तो आपल्याला दिलेलाच नाही. अशा वेळी गिटार खाली ठेवायची गरज नसते. सी वरून चटकन डी वर जायचं, म्हणजे तोच आंबट सूर मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो. फार तर चेहरा थोडा गंभीर ठेवावा.

परीक्षा मित्रानेच सांगितली आणि ती बरीच निर्दयी आहे. कॉर्ड बंद करून नुसता सोलो रेकॉर्ड करायचा आणि ऐकायचा. कॉर्ड कुठे बदलल्या असतील हे त्यातून जाणवलं, तर आपण नेमक्या जागी उतरत होतो. नाही जाणवलं, तर कॉर्ड एकीकडे आणि आपण दुसरीकडे, असे समांतर चाललो होतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जी ची जागा स्पष्ट कळत होती. एफ ची जागा मला कळत होती, मित्राला नाही.

एवढं होईपर्यंत या नव्या तुकड्यांत चौथ्या सुराला, ई ला, मी हात लावलेला नव्हता. मित्राने भुवयांनी दोनदा आठवण केली. ई हा चारांतला सगळ्यात उंच, आणि सी कॉर्डचा मधला सूर. तिथे तो लागला की सगळं एकदम उजळतं. मग एका फेरीत सी कॉर्ड आल्यावर ए, सी, डी ऐवजी थेट पहिल्याच ठोक्याला ई घेतला आणि बारभर धरून ठेवला. मित्राने चक्क मान वर केली. जांभई अर्धवट राहिली.

ई मी पुन्हा वाजवला नाही. एकदाच आला म्हणून तो उठून दिसला, असं मी मित्राला समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा तो वेळेवर लागेल याची खात्री नव्हती, हे त्याने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.