प्रीहीट केला म्हणून एअर फ्रायर काठोकाठ भरू नका

"एअर फ्रायर दर वेळी १० मिनिटे २०० डिग्रीवर प्रीहीट कराच, नाहीतर चिकन आतून कच्चे राहते. एकदा प्रीहीट झाला की बास्केट काठोकाठ भरली तरी चालते, वेळ तेवढाच लागतो. मोठी बास्केट असेल तर अजून लवकर शिजते. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज फिरत फिरत मुलुंडला माझ्या वहिनीकडे पोचला आणि तिने तो तंतोतंत पाळला. पुतण्याचा वाढदिवस, दह्या-मसाल्यात मुरवलेले किलोभर लेग पीस, ४ लिटरचा फ्रायर. रिकामा तापवून घेतला, सगळे पीस एकावर एक रचले, २० मिनिटं लावली. वरचे पीस छान लालसर झाले. खालचा एक मोडून पाहिला तर हाडाजवळचं मांस लिबलिबीत आणि रस गुलाबी. मुलं ताटावर बसलेली होती. हे कोणी खाल्लं असतं तर मेसेज लिहिणारा जबाबदारी घेणार होता का?

म्हणून आधी काठोकाठ भरण्याचंच बोलतो. फ्रायरची कॉइल वर असते आणि तिच्याजवळचा पंखा गरम हवा खाली ढकलतो. ती हवा तुकड्यांच्या फटींतून जाळीखाली जाऊन परत वर फिरली, तरच सगळीकडून शिजतं. तुकडे रचले की फटी बुजतात. त्यात दह्याचं आणि चिकनचं पाणी सुटतं, ते खाली साठतं. डिस्प्लेवर २०० दिसत असतात, पण खालचे पीस वाफेत, म्हणजे फार तर १०० अंशांच्या आसपास पडलेले असतात. प्रीहीटने यात काही फरक पडत नाही. पातळ पत्र्याच्या त्या छोट्या डब्यात साठलेली उष्णता किती असणार? फ्रिजमधलं किलोभर गार चिकन आत गेलं की ती क्षणात संपते. वेळ वाढवूनही भागत नाही, कारण खालचे पीस शिजेपर्यंत वरचे करपून सुकतात.

त्याच चिकनचं खरं गणित असं. ४ लिटरच्या बास्केटमध्ये एकमेकांना न चिकटता साधारण ४-५ लेग पीस बसतात. म्हणजे किलोचे दोन घाणे. पहिला घाणा थंड फ्रायरमध्येच लावा, १८० वर २५ मिनिटांच्या आसपास, अर्ध्यावर उलटून. जाळीखाली जास्त पाणी साठलं तर तेव्हाच ओतून टाका. दुसऱ्याला २-३ मिनिटं कमी लागतात, कारण फ्रायर आधीच तापलेला असतो. शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका. नीट शिजलेलं चिकनही कधी हाडाजवळ गुलाबी दिसतं आणि वरून लाल झालेलं आतून कच्चं असू शकतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सरळ आहे: चिकनचं आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे. एअर फ्रायरसाठीच्या त्यांच्या सूचनांतही बास्केट खच्चून भरू नका असंच आहे. टोकदार सळईचा किचन थर्मामीटर घ्या, सळई सर्वांत जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. घाण्यातला सर्वांत मोठा पीस तपासा.

मोठ्या बास्केटचं म्हणाल, तर लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, तळ किती रुंद आहे ते बघा. उंच, अरुंद ६ लिटरच्या भांड्यात एका थरात तेवढेच पीस मावतात, जेवढे पसरट ४ लिटरच्या भांड्यात. तळ खरोखर रुंद असेल तर एका घाण्यात जास्त होतं, तेवढाच फायदा. पण वॅट तेवढेच आणि डबा मोठा, तर तो तापायला उलट जास्त वेळ घेतो. तेव्हा मोठा फ्रायर आहे म्हणून डोळे मिटून वेळ कमी करू नका.

राहिलं प्रीहीट. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही, पण १० मिनिटं कशाला? ३ ते ५ पुरतात. आणि ते लागतं झटपट होणाऱ्या पदार्थांना: रवा लावलेली सुरमई, फ्रोझन कटलेट; शिवाय केकला. सुरमईची पातळ तुकडी जेमतेम ८-१० मिनिटांत होते. त्यातली पहिली ३ फ्रायर तापण्यात गेली तर रवा ओलसर राहतो आणि तो कुरकुरीत होईपर्यंत मासा कोरडा पडतो. २०-२५ मिनिटं लागणाऱ्या चिकनला किंवा बटाट्याच्या जाड फोडींना थंड सुरुवातीने काही बिघडत नाही, शेवटी २-३ मिनिटं वाढवली की झालं.

प्रीहीट करताना बटर पेपर मात्र आत घालून ठेवू नका. वर वजन नसलेला कागद पंख्याच्या हवेने उडून कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो. कागद नेहमी पदार्थासोबतच आत जाऊ द्या, आणि तोही जाळीची सगळी भोकं बुजवणारा नको.