दोन पद्धतींनी निवडलेला प्रकल्प, आणि तरीही उणे एनपीव्ही

> "परीक्षेत एनपीव्हीच्या कोष्टकात वेळ घालवू नका. परतफेड कालावधी आणि सरासरी लेखा परतावा काढा. दोन्ही एकाच प्रकल्पाच्या बाजूने असतील तर एनपीव्हीही तेच सांगणार. परतफेडीत पैशाची वेळ आणि जोखीम येते, परताव्यात नफा येतो. परतावा भांडवलाच्या खर्चापेक्षा जास्त आला की प्रकल्प स्वीकारा, विषय संपला."

हा सल्ला तपासायला एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. एनपीव्ही म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य: पुढे येणाऱ्या रोखीचं आजचं मूल्य, त्यातून आजची गुंतवणूक वजा. अ आणि ब असे दोन प्रकल्प आहेत आणि त्यांतला एकच निवडायचा आहे. दोन्हींत आज १,००० गुंतवायचे, आयुष्य चार वर्षं, शेवटी भंगारमूल्य शून्य. घसारा स्थिर हप्ता पद्धतीने, म्हणजे दरवर्षी २५०. भांडवलाचा खर्च १२ टक्के. कर सध्या बाजूला ठेवू. दरवर्षी येणारी रोख अशी:

| वर्ष | अ | ब |
|---|---|---|
| १ | १०० | ५०० |
| २ | १०० | ४०० |
| ३ | ८०० | ५० |
| ४ | ४०० | ४३० |

"दोन्ही एकाच बाजूने असतील तर एनपीव्हीही तेच सांगणार"

आधी परतफेड. अ मध्ये तिसऱ्या वर्षाअखेर १०० + १०० + ८०० = १,००० जमा होतात, म्हणून कालावधी बरोबर ३ वर्षं. ब मध्ये तोवर ९५० आलेले असतात. उरलेले ५० चौथ्या वर्षाच्या ४३० मधून येतील, म्हणून ३ + ५०/४३०, म्हणजे सुमारे ३.१ वर्षं. इथे अ पुढे.

आता सरासरी लेखा परतावा. अ ची एकूण रोख १,४००, त्यातून एकूण घसारा १,००० वजा केला की चार वर्षांचा नफा ४००, वर्षाला १००. सरासरी गुंतवणूक (१,००० + ०)/२ = ५००. परतावा २० टक्के. ब चा एकूण नफा ३८०, वर्षाला ९५, परतावा १९ टक्के. पुन्हा अ पुढे. वरच्या सल्ल्याप्रमाणे इथेच पेन खाली ठेवायचं.

एनपीव्हीसाठी प्रत्येक वर्षाची रोख १२ टक्क्यांच्या वर्तमान मूल्य घटकाने गुणायची. हे घटक अनुक्रमे ०.८९२९, ०.७९७२, ०.७११८ आणि ०.६३५५.

अ: ८९.२९ + ७९.७२ + ५६९.४४ + २५४.२० = ९९२.६५. यातून १,००० वजा केले की एनपीव्ही उणे ७.३५.

ब: ४४६.४५ + ३१८.८८ + ३५.५९ + २७३.२७ = १,०७४.१९. एनपीव्ही अधिक ७४.१९.

दोन्ही सोप्या पद्धतींनी एकमताने निवडलेला प्रकल्प भांडवलाचा खर्चसुद्धा भरून काढत नाही, आणि दोघींनी मागे टाकलेला ब ७४ ची भर घालतो. कारण साधं आहे. अ ची एकूण रोख ब पेक्षा फक्त २० ने जास्त आहे, पण तिचा मोठा भाग तिसऱ्या वर्षापर्यंत येतच नाही. ब मध्ये पहिल्या दोन वर्षांतच ९०० हाती पडतात. दर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ धरला तरच अ चे ते जास्तीचे २० निर्णायक ठरतात. दर २ टक्के केला की ब पुढे जातो, हे स्वतः करून पाहता येईल.

"परतफेडीत पैशाची वेळ आणि जोखीम येते"

वेळ येते ती अर्धवट. कालावधीच्या आत पैसा पहिल्या वर्षी आला की तिसऱ्या, याची ही पद्धत दखल घेत नाही. अ ची रोख १००, १००, ८०० ऐवजी ८००, १००, १०० अशी आली असती तरी उत्तर ३ वर्षंच राहिलं असतं. कालावधीनंतरच्या रोखीचं तर नावच नाही. अ चे चौथ्या वर्षीचे ४०० पुसून शून्य करा, परतफेड तरीही ३ वर्षंच. तेव्हा मात्र प्रकल्पाने चार वर्षांत एक पैसाही नफा दिलेला नसतो. वर्तमान मूल्यावर आधारित परतफेड कालावधी काढला तर पहिला दोष जातो, दुसरा तसाच राहतो.

शिवाय "तीन वर्षांत पैसे परत आलेच पाहिजेत" ही मर्यादा कोणी ठरवली? ती व्यवस्थापनाची मर्जी असते. इथे ती तीन वर्षं ठेवली तर अ स्वीकारला जातो आणि ब नाकारला जातो, नेमकं उलटं. रोखीची चणचण असलेल्या संस्थेला पैसे कधी मोकळे होतील हे जाणून घ्यायचं असतं, आणि त्यासाठी हा आकडा खरंच कामाचा आहे. उत्तरात तेवढं श्रेय जरूर द्या. पण तो तरलतेचा अंदाज झाला, फायद्याचा नव्हे.

"परतावा भांडवलाच्या खर्चापेक्षा जास्त आला की स्वीकारा"

चारही दाव्यांत मला हा सर्वांत घातक वाटतो, कारण तो दिसायला अगदी तर्कशुद्ध आहे. २० टक्के हे १२ पेक्षा मोठे, मग अडचण काय? अडचण ही की १२ टक्के हा रोखीवर, वेळेसकट मोजलेला दर आहे आणि २० टक्के हे नफ्याच्या सरासरीला पुस्तकी मूल्याच्या सरासरीने भागून आलेलं गुणोत्तर आहे. दोन्हींपुढे टक्क्याचं चिन्ह असलं म्हणून त्यांची तुलना होत नाही. अ चा खरा रोख परतावा, म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो, सुमारे ११.७ टक्के आहे.

हे गुणोत्तर सहज हलतंही. काही पुस्तकं छेदात सरासरी गुंतवणूक घेतात, काही सुरुवातीची. सुरुवातीची घेतली की अ चा परतावा १० टक्के आणि ब चा ९.५. मग १२ च्या कसोटीवर दोन्ही नापास, चांगला ब सुद्धा. घसाऱ्याचंही तसंच. स्थिर हप्त्याने पुस्तकी मूल्य १,०००, ७५०, ५००, २५०, ० असं उतरतं, सरासरी ५००. समजा घसारा सुरुवातीला जास्त लावला आणि मूल्य १,०००, ५००, २५०, १००, ० असं उतरलं, तर सरासरी ३७० येते. चार वर्षांचा एकूण घसारा तोच असल्याने सरासरी नफा १०० च राहतो, आणि अ चा परतावा २७ टक्के होतो. रोखीत काहीच बदललेलं नाही, बदलली ती फक्त वहीतली नोंद. म्हणून परीक्षेत छेद कोणता घेतलात ते आधी एका ओळीत लिहा.

"एनपीव्हीत वेळ घालवू नका"

चार गुणाकार आणि एक बेरीज, एवढाच तो वेळ. एनपीव्हीची खरी कमजोरी वेगळी आहे: तिचं उत्तर दराच्या अंदाजावर टेकलेलं असतं. १० टक्के दराने अ ची एनपीव्ही अधिक ४८ च्या आसपास येते, १२ ने उणे. ब मात्र १५ टक्क्यांनाही अधिकच राहतो. जोखीम तपासायची ती अशी, दर आणि रोखीचे अंदाज हलवून.

उत्तर लिहिताना तिन्ही आकडे शेजारी मांडा, निर्णय एनपीव्हीवर द्या आणि मतभेदाचं कारण एका वाक्यात सांगा: "अ ची रोख उशिरा येते आणि पहिल्या दोन पद्धती त्या उशिराची किंमत लावत नाहीत." गुण जातात ते बहुधा घसाऱ्यावर. लेखा परताव्यात तो वजा करायला विसरलात तर अ चा परतावा ३५०/५०० = ७० टक्के येईल; असा अवाढव्य आकडा दिसला की तिथेच शोधा. एनपीव्हीत रोखीतून तो वजा केलात तर गुंतवणूक दोनदा मोजली जाईल, कारण १,००० आपण वर्ष शून्यलाच वजा केलेले आहेत. प्रश्नात रोखीऐवजी नफा दिला असेल तर त्यात घसारा परत मिळवा आणि मगच वर्तमान मूल्य घटकाने गुणा.